तळटिपांविना एकतीस पानं

"टाइपिस्टवर ढकलायचं," वकील रोल्फ्स म्हणाले. टाइपिस्ट त्यांच्या समोरच्याच खुर्चीत, पर्स मांडीवर धरून, ताठ बसली होती.

फ्राउके बोरखर्सचं वय त्र्याऐंशी. गावातल्या नोटरीच्या कचेरीत तिनं चौतीस वर्षं टंकलेखन केलं होतं, आणि १९८८ साली लेकीचा प्रबंधही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनंच टाइप केला होता. ती शांतपणे म्हणाली, "ढकला की. या वयात मला कोण फासावर देतंय?"

लेक थेडा शेजारी बसली होती. ती जिल्ह्याच्या संग्रहालयाची प्रमुख होती. दलदल कोरडी करून तिथं वसलेल्या, पीट म्हणजे जळणाची माती कापून पोट भरणाऱ्या वसाहतींवर तिचा प्रबंध होता; त्याचंच पुढे पुस्तक झालं आणि नावामागे डॉक्टर लागलं. पंचवीस वर्षांनी ते पुस्तक सीमेपलीकडच्या, ग्रोनिंगनकडच्या एका तरुण डच संशोधकाच्या हाती पडलं. कालव्यांवरचं प्रकरण वाचताना त्याला वाटलं, हे आपण आपल्याच भाषेत कुठंतरी वाचलंय. मार्ट्ये हूकस्ट्रा नावाच्या बाईंनी १९७४ साली लिहिलेला डच प्रबंध त्यानं शेजारी ठेवला. वाक्यामागून वाक्य तेच निघालं, फक्त जर्मनमध्ये. भाषांतर असल्यामुळे कुठल्याही संगणकाला ते इतकी वर्षं सापडलं नव्हतं. त्यानं डावीकडे मूळ आणि उजवीकडे थेडा असा तक्ता करून विद्यापीठाच्या तक्रार-निवारकाकडे पाठवला.

पुढचं सगळं पायरीपायरीनं होत गेलं. एका वार्षिकांकातल्या तिच्या लेखात हूकस्ट्राबाईंचा एकच परिच्छेद उल्लेखाविना आला होता. त्या संपादकांनी पुढल्या अंकात दुरुस्ती छापली आणि विषय मिटवला. इतिहासाच्या नियतकालिकातला मोठा लेख मात्र त्या प्रकरणावरच उभा होता. तो मागे घेतला गेला. म्हणजे पुसला नाही. जागच्या जागी राहिला, पण प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असा आडवा शिक्का बसला आणि कारणाची नोंद जोडली गेली. आता पदवीचा प्रश्न उरला होता. त्यासाठी विद्याशाखेच्या समितीनं थेडाला बाजू मांडायला बोलावलं होतं.

आपण होऊन पदवी सोडली तर चौकशी थांबेल का, असं तिनं आधी विचारून पाहिलं होतं. थांबत नाही, असं उत्तर आलं. दिलेली पदवी फसवणुकीनं मिळाली होती की नाही, हे विद्याशाखेलाच ठरवावं लागतं. आणि त्याला मुदत नसते.

म्हणून रोल्फ्सची सगळी मदार एका शब्दावर होती: हेतू. निष्काळजीपणा झाला असेल तर पदवी वाचू शकते, जाणूनबुजून केलं असेल तर नाही. टाइप करताना अवतरणचिन्हं आणि तळटिपांचे आकडे गळाले, हस्तलिखित आता उरलेलं नाही, आणि टाइपिस्ट स्वतः कबूल करते आहे. खोटं पाडणार कोण?

परतताना गाडीत फ्राउकेनं साक्षीची तालीमच सुरू केली. डोळे तेव्हापासूनच अधू होते म्हणायचं का, की घाई होती म्हणायचं? थेडा म्हणाली, काहीच म्हणायचं नाही.

"का गं? पदवी तुझी, खोटं माझं. तुझं काय जातंय?"

"आई, तू एक आकडा तरी गाळलायस का कधी?"

म्हातारीनं मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाली, "गाळला नाही म्हणूनच तर गाळला म्हटल्यावर खरं वाटेल."

सुनावणीच्या दिवशी सकाळी दहाला रोल्फ्स आणि थेडा आत गेले. फ्राउके ठेवणीतला निळा कोट घालून बाहेर बाकावर बसली. आत पाच जण होते. अध्यक्ष इम्के लेंगेन या विधीच्या प्राध्यापिका. त्यांच्यापुढे तो तक्ता होता, पानागणिक पिवळ्या खुणा केलेला. शेवटी थेडाच्या सहीचं १९८८ सालचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं: सांगितलेल्या साधनांखेरीज इतर कशाचाही आधार घेतलेला नाही.

रोल्फ्स छान बोलले. तान्हं मूल, नवऱ्याची बदली, संदर्भांच्या चिठ्ठ्यांनी भरलेली खोकी, आणि वयस्क आईचं टंकलेखन. लेंगेनबाईंनी मध्येच विचारलं की एकतीस पानांत एकही आकडा उरू नये, आणि आधीच्या नि नंतरच्या पानांवर मात्र सगळे जागच्या जागी असावेत, हे कसं. रोल्फ्स म्हणाले की ते टाइपिस्टच सांगेल, ती बाहेरच बसली आहे. लेंगेनबाईंनी दाराकडे मान वळवली.

"तिला बोलावू नका," थेडा म्हणाली.

रोल्फ्सनी तिच्या बाहीला हात लावला. तिनं तो बाजूला केला आणि उभी राहिली.

"ती पानं टाइप करताना माझ्या टाइपिस्टनं मला विचारलं होतं, इथल्या तळटिपा कुठायत? आधीच्या प्रत्येक पानावर आहेत, इथं का नाहीत? मी म्हटलं, इथं नाहीयेत, आहे तसं टाइप कर. तिनं तसं केलं. तिनं काही गाळलेलं नाही. गाळलं मी."

 इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनानं ते टाइप करून घेतलं. रोल्फ्सनी फाइल मिटली.

लेंगेनबाई सावकाश म्हणाल्या, "बोरखर्सबाई, तुम्ही आत्ता काय सांगितलंत त्याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? हवं तर पाच मिनिटं वकिलांशी बोला."

"कळतोय. आणि आणखी एक लिहून घ्या. बाकीची दोनशे चाळीस पानं माझी आहेत. त्रेचाळीस म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मी त्यांचं बोलणं टिपलं. आता त्यांतलं कोणी जिवंत नाही. ते कोणाकडून उचललेलं नाही. मी इथं मान खाली घालून बसायला आलेली नाही. जे घेतलं ते घेतलं म्हणते; जे माझं आहे ते सोडणार नाही."

"ते कोणी नाकारत नाही," लेंगेनबाई म्हणाल्या. "पण उरलेलं कितीही खरं असलं तरी पदवी तुकड्यातुकड्यानं ठेवता येत नाही."

"मग सगळी घ्या. पण कारण खरं लिहा."

बाहेर फ्राउके उठून उभी होती, कोटाची बटणं लावून, आत जायला तयार. रोल्फ्स मान हलवत जिन्याकडे गेले, तेव्हा तिला कळलं. ती लेकीवर भडकली. जन्मात एकदा खोटं बोलायला तयार झाले, तेही तुला बघवलं नाही, असं तिनं त्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत सुनावलं. गाडीत बसेपर्यंत ती बोलत होती. 

सहा आठवड्यांनी निर्णय आला, अकरा पानांचा. पदवी रद्द. प्रमाणपत्र परत करावं. ग्रंथालयातल्या प्रतीच्या नोंदीत तसा उल्लेख होईल. निर्णय अमान्य असल्यास एका महिन्याच्या आत प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येईल. प्रकाशकानं पुस्तक आधीच विक्रीतून काढलं होतं. संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष फोनवर आडून आडून राजीनाम्याचं सुचवत होते. थेडानं त्यांना सांगितलं, नेमणुकीच्या अटींत डॉक्टरेट नव्हती. काढायचं असेल तर लेखी काढा. मग ती नेहमीप्रमाणे कामावर गेली. दारावरच्या पाटीवरचा 'डॉ.' तिनं स्वतःच, चाकूच्या टोकानं खरवडून काढला होता. हूकस्ट्राबाई अजून हयात आहेत असं कळल्यावर तिनं त्यांना पत्रही लिहिलं होतं. क्षमा एका ओळीत मागितली होती आणि उरलेल्या पानात, त्यांचं ते प्रकरण किती चांगलं होतं, ते लिहिलं होतं.

रविवारी फ्राउकेनं तो निर्णय मागून घेतला आणि भिंग धरून पहिल्या पानापासून वाचायला बसली. थेडानं बटाटे उकडायला ठेवले. सातव्या पानावर भिंग थांबलं. तिथं हेतूचा पुरावा दिला होता: 'टंकलेखिकेनं तळटिपांच्या अभावाकडे लक्ष वेधलं होतं, तरीही लेखिकेनं मजकूर तसाच ठेवला.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग भिंग खाली ठेवलं.

"एक महिना आहे म्हणतात," ती म्हणाली. "रोल्फ्सना फोन करशील?"

"नाही."

"या वाक्यामुळेच गेली तुझी पदवी."

"हो."

फ्राउकेनं कागद सरळ करून सातवं पान वर राहील अशी घडी घातली, आणि तो परत द्यायच्या ऐवजी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. थेडा मूळ प्रत मागायला वळली, आणि न मागताच पुन्हा बटाट्यांकडे गेली.