आजाऱ्याचं सफरचंद

आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंद न्यायचं, हे कोल्हापुरात कुणी कुणाला शिकवत नाही. नबीलालचं तर फळांचंच दुकान. त्यातून त्याचा दोस्त आकाराम त्याच्याच दुकानावर ताडपत्री बांधताना शिडीवरून पडलेला. आकारामचा पाय प्लास्टरमध्ये आणि नबीलालच्या जिवाला घोर. पेटीतली लालभडक सफरचंदं नि नरम नासपती घेऊन तो सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात हजर व्हायचा, स्वतः कापून द्यायचा आणि शेवटची फोड पोटात जाईपर्यंत उठायचा नाही. माया कमी, पहाराच जास्त.

आकारामच्या बायकोनं, शालूबाईनं, एकदा केळी आणली. ती नबीलालनं परत पाठवली. "आजाऱ्याला केळं देत्यात व्हय वैनी? गॅस धरतोय त्यानं."

आठवड्याभरात आकारामचं पोट नगाऱ्यासारखं झालं. कळा, गुरगुर, वर जुलाब. मोठे सर्जन म्हणाले, फुगारा उतरला नाही तर पोट उघडून बघावं लागेल. आपल्या शिडीपायी पाय मोडलाच होता, आता पोटही फाडणार, या विचारानं नबीलालच्या घशाखाली भाकरी उतरेना.

वॉर्डातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे खातात काय?" नबीलालनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"फळांमधली एक साखर काहींच्या आतड्यात थोडीच शोषली जाते," बाई म्हणाल्या. "उरलेली मोठ्या आतड्यात उतरते, तिथं आंबते आणि गॅस होतो. सफरचंद-नासपतीत ती जास्त. शिवाय त्यांत सॉर्बिटॉल म्हणून आणखी एक गोड पदार्थ असतो. तो आतड्यात पाणी ओढतो, म्हणून जुलाब. आंबा-कलिंगडही जपून खायचं."

"मग बिचाऱ्यानं खायाचं काय?"

"आधी सगळी फळं बंद करून बघू. हेच कारण असेल तर उतार पडेल. मग पिकलं केळं, मोसंबी, थोडं थोडं. त्यात ही साखर आणि दुसरी एक साखर साधारण बरोबरीनं असतात. दुसरीच्या संगतीनं ही पहिलीही आत शोषली जाते."

केळ्याची शिफारस ऐकून नबीलालनं कपाळाला हात लावला. पण फळं थांबली तसं पोट उतरलं. सर्जननी ऑपरेशनचं नाव काढायचं सोडलं. मग शालूबाईनं केळं दिलं, मोसंबी दिली. दोन्ही गुमान पचली.

"खाल्लं की पोट फुगतंय, ह्ये तुझ्या ध्यानात कसं न्हाय आलं?" नबीलालनं विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी आलतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू शिडीचं मनाला लावून घेतलं हुतंस. फोड परत केली असती तर तुला वाटलं असतं, म्या राग धरलाय."

"आन त्यापायी पोट फाडून घेणार हुतास?"

आकाराम छताकडं बघत म्हणाला, "ऑपरेशनच्या कागदावर सही बी करून दिलती की."

त्याच्या कानाखाली एक द्यावी असं नबीलालला वाटलं. पण हात उचलायच्या आधीच त्याला रडू फुटलं.