बारा आकडे

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचे साडेनऊ. निलंगा तालुक्यातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. मी डॉक्टर रविकिरण, विष्णुपुरीत वाढलेला, कानडीचा एक शब्दही न येणारा. माझ्यासोबत महानंदाताई होत्या. पशुधन पर्यवेक्षक म्हणून अठरा वर्षं याच भागात हिंडलेल्या.

दवाखान्याच्या मोबाईलवर मेसेज आला. अनोळखी नंबर, नाव नाही, फोटोच्या जागी नुसतं महादेवाच्या पिंडीचं चित्र. मेसेजमध्ये बारा आकडे. त्याच्या पुढे-मागे काही नाही.

बारा आकडे म्हटल्यावर मला एकच सुचलं. मी लगेच लिहिलं, 'आधार क्रमांक असा कोणालाही पाठवू नका. नाव, गाव आणि काम लिहा.' पाठवलं आणि लसीच्या साठ्याची यादी पुढे ओढली.

ताईंनी सहज म्हणून फोन हातात घेतला. वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला.

"साहेब, हे आधार न्हाई."

"बारा आकडे आहेत ताई."

"हाव, पण सुरुवात एकनं हाय. आधार शून्यानं न्हाईतर एकनं सुरू होत नसतंय. हा बिल्ला हाय. जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला."

मी ओशाळलो. रोज दहा बिल्ले बघणारा माणूस मी, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मग काय काम आहे ते तर लिहायचं ना," मी म्हणालो.

"जिला लिहिता येत असतं तिनं लिहिलं नसतं का?" ताईंच्या बोलण्यात राग नव्हता. घरचा गोठा बहुतेक बाईच बघते, म्हणून त्या 'ती' म्हणाल्या.

त्यांनी नोंदीचं ॲप उघडलं आणि आकडे टाकले. म्हैस निघाली. मालक चन्नबसप्पा, गाव तगरवाडी, आमच्यापासून चौदा किलोमीटर. दोन जानेवारीला कृत्रिम रेतन. एप्रिलमध्ये तपासणी, गाभण. मी बोटं मोजली. आज दहा नोव्हेंबर, म्हणजे तीनशे बारा दिवस. म्हशीचे दहा महिने दहा दिवस भरलेले.

"वितेय!" मी बॅग उचलली. "अडली असणार. चला."

"थांबा की जरा." ताई हलल्या नाहीत. "कागद तारीख सांगतो. बाईला काय म्हणायचं हाय ते सांगत न्हाई. म्हैस मेली असंल तर विम्यासाठीबी हाच नंबर लागतो. विकायची असंल तरी हाच. कुठली लस टोचली, ते विचारायचं असंल तरी हाच. आपण निघालो आन तिकडं भलतंच असंल, तर सोबत काय न्यायचं तेबी चुकंल."

त्यांनी नोंदीतल्या चन्नबसप्पाचा नंबर लावला. बंद. मग मेसेज जिथून आला होता तिथं लावला. वाजून वाजून थांबला. ताईंनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला, आणि पलीकडून एका बाईचा धापा टाकणारा आवाज आला. भराभर, कानडीत. मला फक्त एवढं कळलं की ती घाबरली आहे.

ताईंना कानडी मोडकीतोडकी येत होती. त्यांनी लांब वाक्य बोलायचा प्रयत्नच केला नाही. एकेक शब्द, मध्ये थांबून.

"एम्मे?" म्हैस?

"हौदु, एम्मे!" होय, म्हैस.

"करु बंता?" पारडू आलं?

"इल्ला." नाही.

"नीर बंता?" पाण्याची पिशवी दिसली?

"इल्ला, इल्ला." आणि मग ती पुष्कळ काही बोलली. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "काल दुपारपासून उठतीय, बसतीय. चारा सोडलाय. पोटाला लाथा मारतीय. कळा येतात आन जातात, पर खाली काहीच न्हाई. नवरा लातूरला गेलाय सोयाबीन घेऊन. साहेब, मला वाटतंय पिळा पडला असंल."

पिळा म्हणजे गर्भाशय स्वतःभोवती फिरणं. म्हशीत हे बरंच होतं. वाट बंद होते, वेळ गेला तर पारडू जातं आणि म्हैसही जाते. बॅगेत मी नुसते दोर आणि हातमोजे भरले होते. ताईंनी सलाईनच्या बाटल्या आणि औषधं घ्यायला लावली, आणि मागून लांब फळी काढून जीपमध्ये ठेवली. वाटेतच त्यांनी तगरवाडीच्या सरपंचाला फोन केला, "सहा-सात दणकट माणसं उभी करा, आम्ही आलोच."

चन्नबसप्पाची बायको सिद्धम्मा गोठ्याच्या दाराशी उभी होती. पन्नाशीची, हात राखेनं माखलेले. चुलीवर मोठं पातेलंभर पाणी उकळत होतं. मी हातमोजा चढवून आत तपासलं. ताईंचा अंदाज बरोबर होता. वाटेतल्या घड्या उजवीकडे फिरत फिरत आत जात होत्या. माझं बोट लागताच पारडानं पाय किंचित मागे ओढला. जिवंत होतं.

म्हशीला उजव्या कुशीवर निजवलं. पाय बांधले. पोटावर फळी टेकवली, आतलं पारडू जागच्या जागी राहावं म्हणून एक माणूस फळीवर उभा राहिला आणि बाकीच्यांनी दोरांना धरून म्हशीला उजवीकडेच गरकन उलटवलं. आत पाहिलं. थोडं सैल झालं होतं. पुन्हा उजव्या कुशीवर आणून पुन्हा उलटवलं. तिसऱ्या वेळी माझा हात सरळ आत गेला आणि बदाबदा पाणी आलं. मी ओरडलोच, "सुटला!"

अर्ध्या तासात पारडी झाली. काळीभोर, ओलीचिंब, कानांचे शेंडे मागे दुमडलेले. ताईंनी तिच्या नाकातला चिकटा पुसला, गवताच्या काडीनं नाकपुडीत गुदगुल्या केल्या. पारडी शिंकली. सिद्धम्मा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

म्हशीला सलाईन लावल्यावर मी सिद्धम्माची माफी मागितली. माझ्या त्या मेसेजबद्दल. ताईंनी तिला कानडीत सांगितलं, तशी ती गोंधळली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. उत्तर आलं एवढंच तिनं पाहिलं होतं. उत्तर आलं म्हणजे डॉक्टर निघाले, असं समजून ती पाणी तापवायला गेली होती. म्हणूनच फोन वाजत राहिला होता.

"पण आकडेच का पाठवलेत?" मी ताईंमार्फत विचारलं.

बिल्ला मारताना कुणीतरी सांगितलं होतं, जनावराला काहीही झालं तर हा नंबर सांगायचा, सगळं कळतं. तिला आकडे लिहिता येत होते. म्हशीच्या कानाचं शेण पुसून, एकेक आकडा बघून, तिनं आयुष्यातला पहिला मेसेज पाठवला होता. तिच्या बाजूनं तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

परतताना मी ताईंना म्हणालो, "तुम्ही नसता तर मी यादीच करत बसलो असतो."

"तुम्हीबी शिकाल की," त्या म्हणाल्या. "तिनं जेवढं येतंय तेवढं पाठवलं. राहिलेलं आपण इचारायचं. पर सोपं इचारायचं, होय-न्हाई म्हणता येईल असं."

मग त्यांनी दवाखान्याचा फोन काढला आणि गाडीच्या हिसक्यांत, जपून, तो अनोळखी नंबर साठवला. सिद्धम्मा, तगरवाडी, कानडी.

मी गाडी हळू केली. त्यांना नीट टाईप करता यावं म्हणून.