सात कापून सहा
कादंबरी नावाची नवी शिक्षिका आल्यापासून हेमा मॅडमना तिचं काहीच बघवत नव्हतं. तिच्या तासाला मागचे बाकही भरायचे आणि पोरं तास संपल्यावरही तिला घेरून उभी राहायची, हे तर मुळीच नाही. लोणी काळभोरच्या त्या कॉलेजात हेमा मॅडम नऊ वर्षं कंत्राटावर शिकवत होत्या. नारायण पेठेतून निघून दोन बस बदलत यायच्या आणि एक दिवस उशीर नाही. यंदा कुठे कायमची एक जागा निघाली, तर शर्यतीत ही दीड वर्षापूर्वी रुजू झालेली पोरगी. विभागप्रमुख श्रीधर सर त्या दुपारी एकच नाव वर पाठवणार होते.

अशा दिवशी कादंबरीने तपासलेले पेपर फेरतपासणीला हेमा मॅडमकडेच यावेत, याला नशीब म्हणायचं नाही तर काय?

प्रश्न सर्वांत जवळच्या मार्गाचा होता. पाच ठिकाणं, त्यांना जोडणाऱ्या रेषा, रेषांवर मिनिटं. ठिकाणांना अ, ब, क म्हणेल तर ती कादंबरी कसली! नारायण पेठ, डेक्कन, स्वारगेट, कर्वेनगर, खडकवासला. नारायण पेठेतून प्रत्येक ठिकाणी कमीत कमी किती मिनिटांत पोचता येईल, ते काढायचं. आकडे खरे नव्हते, पण पोरं खूश. 'लाडकी व्हायची हौस,' मॅडम मनात म्हणाल्या आणि वाचता वाचता थबकल्या. रोहन नावाच्या मुलाने खडकवासल्याचं उत्तर दहा काढलं होतं. कादंबरीने त्यावर लाल फुली मारून दहापैकी दोन गुण दिले होते. तिच्या आदर्श उत्तरात अकरा होते.

मॅडमनी मनातल्या मनात हिशोब केला. दहाच. त्यांना इतका आनंद झाला की स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण थोडीच. पेपर घेऊन त्या तडक श्रीधर सरांकडे गेल्या.

"उत्तर सांगू नका, करून दाखवा," श्रीधर सर म्हणाले. त्यांनी कादंबरीलाही बोलावून घेतलं. "चूक कुठे झाली ते त्यांनाही कळू दे."

मॅडमनी फळ्यावर आकृती काढली. नारायण पेठेखाली शून्य, बाकी सगळ्यांखाली, वेळ अजून माहीत नाही म्हणून, अनंत.

"नारायण पेठ पक्की," त्यांनी तिच्याभोवती गोल केला. "इथून डेक्कन दोन, स्वारगेट सात. आता पक्क्या न झालेल्यांत सगळ्यात कमी डेक्कन, म्हणून ते पक्कं. डेक्कनहून कर्वेनगर आठ, म्हणजे दोन आणि आठ दहा. आणि डेक्कनहून स्वारगेट चार. दोन आणि चार सहा. स्वारगेटखाली आधी सात आहेत, सहा कमी, म्हणून सात कापायचे." त्यांनी सात कापले. "कादंबरी, हे सात तू तसेच ठेवलेस. स्वारगेट अजून पक्कं झालेलं नव्हतं, तोवर त्याचा आकडा बदलू शकतो. पहिल्या वर्षाचं पोरही..."

आणि त्यांचा हात थांबला.

दोन, सात, चार, आठ. हे आकडे त्यांच्या हाताला पाठ होते. कादंबरी रुजू झाली तेव्हा मोठेपणा मिरवायला त्यांनीच तिला आपल्या नोट्सची फाइल दिली होती. त्यात हेच गणित होतं, अ, ब, क नावांचं. त्यातही सात कापलेले नव्हते आणि उत्तराला चौकट होती, अकरा. नऊ वर्षं त्यांनी ते तसंच वाचून दाखवलं होतं. कादंबरीने नुसती नावं बदलली होती.

"पुढे?" सर म्हणाले.

"स्वारगेट सहावर पक्कं," मॅडम फळ्याकडेच बघत म्हणाल्या. "तिथून कर्वेनगर एक, म्हणून दहाचे सात. खडकवासला नऊ, म्हणून पंधरा. मग कर्वेनगर पक्कं, तिथून खडकवासला तीन. पंधराचे दहा. शेवटी खडकवासला पक्कं."

"सात तसेच ठेवले की अकरा येतात. बरोबर," सर कादंबरीकडे वळले. "हे गणित कुठून घेतलंत?"

कादंबरीने फळ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. तिला सगळं ठाऊक होतं, हे मॅडमना त्या एका नजरेत कळलं.

"माझी चूक आहे, सर," ती म्हणाली. "मी पडताळून बघायला हवं होतं. सगळे पेपर आजच पुन्हा तपासते."

"ठीक आहे," सरांनी पेन उचललं. "मग शिफारशीचं सोपंच झालं."

हवं होतं ते सगळं हेमा मॅडमच्या पुढ्यात आलं होतं. गप्प राहायचं, एवढंच काम. पण कादंबरी तिथे शांत उभी होती. ना रडवेली, ना चिडलेली. आणि मॅडमना असा जळफळाट झाला की तसा दीड वर्षात कधी झाला नव्हता. तास हिचा रंगायचा, पोरं हिच्याभोवती जमायची, आणि आता मनाचा मोठेपणाही हिनेच दाखवायचा? जागा आपल्याला मिळणार आणि ती हिने दिली म्हणून?

"सर, थांबा," त्या जवळजवळ खेकसल्याच. "गणित माझं आहे. नऊ वर्षांपासून चुकीचं आहे. फाइल आणून दाखवते."

सरांनी पेन खाली ठेवलं. कादंबरी काहीतरी बोलायला गेली.

"तू मध्ये पडू नकोस," हेमा मॅडम म्हणाल्या आणि फाइल आणायला निघाल्या.