चंदेरी पाइप

आमच्या हॉस्पिटलात बाळ्याभाऊ आणि हिरीची चेष्टा करायला सगळ्यांना आवडायचं, आणि त्यात मी सर्वांत पुढे. मी प्रसूती वॉर्डची इनचार्ज सिस्टर. हिरी माझ्या वॉर्डातली आया आणि बाळ्याभाऊ तिचा नवरा, तळघरातल्या पंपरूमचा ऑपरेटर. दोघं गंजाडहून एकाच बसने यायची, डहाणू स्टेशनला उतरून बरोबर चालत यायची. आता पोरांची लग्नं झालेली, तरी जरा सवड मिळाली की हिरी जिना उतरून तळघरात. मी म्हणायचे, हिरे, तुझी ड्यूटी वर आणि जीव खाली. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि जायची ती जायचीच. मला वाटायचं, किती हे प्रेम. प्रेम होतंच, पण मला वाटायचं त्या जातीचं नव्हे.

पंपरूमचं मला फारसं कळत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की तिथून चार तऱ्हेचे पाइप निघतात. एक पिण्याच्या पाण्याचा. एक सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीकडे ढकलणारा. तिसरा त्या शुद्ध केलेल्या पाण्याचा, ते संडासांच्या फ्लशला आणि बागेला जातं. आणि चौथा आगीसाठीचा, त्यात कायम दाबाखाली पाणी भरून ठेवलेलं असतं. इमारत बांधली तेव्हा ते रंगवलेले होते. पिण्याचा हिरवा आणि त्यावर निळे पट्टे, सांडपाण्याचा काळा, फ्लशचा जांभळा, आगीचा लाल. वर नावांची स्टिकरंही होती. पण आमच्या समुद्राच्या खाऱ्या हवेत माणसाची कातडी टिकत नाही तिथे रंगाचं काय? पोपडे निघाले, स्टिकरं गळून पडली.

दोन हजार सोळाच्या खंडेनवमीला बाळ्याभाऊने मनावर घेतलं. आमच्याकडे त्या दिवशी पंप, जनरेटर, अँब्युलन्स, सगळ्यांची पूजा असते, झेंडूच्या माळा पडतात. असल्या गंजक्या पाइपांना माळ काय घालायची, म्हणून त्याने आठवडाभर काचकागदाने गंज घासला आणि सगळे पाइप एकजात चंदेरी रंगवून काढले. खोली लखलखली. आम्ही सगळ्या बघायला गेलो. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. रंग वेगळे होते ते कशासाठी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कारण बाळ्याभाऊला विचारलं की तो डोळे मिटून पाइपावर हात ठेवायचा आणि सांगायचा, हा अमका, हा तमका. त्याला रंग लागतच नव्हते. बारा वर्षं तो त्या पाइपांबरोबर नांदला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मुकेश आला. चारोटीचा मुलगा, प्लंबर, आयटीआय केलेला, डोकं जरा तापट. पंपरूम बघून तो माझ्यासमोरच साहेबांना म्हणाला की हे बरोबर नाही, आधी पाइपांना रंग आणि नावं पाहिजेत. साहेब म्हणाले, पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीत करू, तोवर बाळ्या आहे की. मुकेशला ते पटलं नव्हतं, हे त्याच्या तापलेल्या कानशिलांवरून दिसत होतं.

आता नळाची गोष्ट. आमच्याकडे बाळंतिणींबरोबर पाड्यांवरून घरची माणसं येतात, दोन-दोन दिवस अंगणातल्या शेडमध्ये बसून राहतात. पाण्यासाठी त्यांना वरच्या मजल्यावर यावं लागायचं आणि वॉचमन त्यांना वर सोडायचा नाही. मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली आणि शेडमध्ये नळ मंजूर करून घेतला. पंपरूम शेडच्या खालीच. मुकेशने तिथल्या पिण्याच्या पाइपाला फाटा काढून नळ जोडायचा होता. कुठला पाइप, असं त्याने बाळ्याभाऊला विचारलं. बाळ्याभाऊने जराही न थांबता ओळीतल्या दुसऱ्या पाइपावर थाप मारली. मुकेशने तो थोडा उघडून पाहिला. पाणी नितळ, वास नाही. शुद्ध केलेलं पाणीही नितळच असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याने फाटा जोडला.

नळाचं उद्घाटन मीच ठरवलं. नारळ आणला, शेडमधल्या माणसांना बोलावलं. बायजी म्हणून एक आजीबाई होती, तिच्या सुनेला आदल्या दिवशी मुलगी झालेली. पहिलं पाणी तिनेच प्यावं असं मी म्हटलं. हिरीने लोटा धरला, मी नळ सोडला, लोटा भरला. हिरीने तो आजीच्या हातात दिला.

तेवढ्यात बाळ्याभाऊ जिन्यातून वर आला. धापा टाकत होता. सरळ आजीपाशी गेला आणि लोट्यावर पालथा हात ठेवला.

"नको पिऊ, आजे," तो म्हणाला. "मला नाय आठवत."

मी चिडले. सगळी माणसं बघत होती, नारळ फुटलेला होता. काय आठवत नाही, म्हणून मी विचारलं, आणि माझा आवाज चांगला नव्हता. तो माझ्याकडे बघेना. हिरीकडे बघत होता, शाळेत चुकलेलं पोर घरच्यांकडे बघतं तसा.

"कुठला पाइप कुठला, ते नाय आठवत," तो म्हणाला. "मघाशी वाटलं आठवतंय. आता खाली हात लावून बघितलं. सगळे सारखेच लागतात."

हिरी रडू लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. मग तिच्याच तोंडून मला कळलं ती रोज जिना का उतरत होती. गेले काही महिने तो मधेच विसरायचा. पंप चालू केला की नाही, डबा खाल्ला की नाही, बस कुठली. ती खाली जाऊन त्याच्याजवळ उभी राहायची, इकडचं तिकडचं बोलायची, बोलता बोलता त्याला सगळं आठवून द्यायची, आणि वर येऊन माझी चेष्टा ऐकून हसायची. नोकरीची दोन वर्षं उरली होती. कुणाला कळलं तर घरी बसवतील, ही एवढीच भीती दोघांना.

मला वाटलं आता मुकेश भडकणार. पण त्याने आजीच्या हातून लोटा घेऊन मोरीत ओतला, नळाला फडकं बांधलं आणि बाळ्याभाऊला म्हणाला, "चला काका, दोघं मिळून बघू."

मीही गेले. माझ्यामुळेच नळ झाला होता, वर उभं राहणं मला जमलं नसतं. मुकेशने मला फोन घेऊन वॉर्डात माणसं उभी करायला सांगितली, एक बेसिनपाशी, एक संडासापाशी. पाइपाचं बाहेरचं रूप बघून काही ठरवायचं नाही, पाणी कुठून निघतं आणि कुठे पोचतं ते बघायचं, असं तो म्हणाला. आगीच्या लाइनचा एकही वॉल्व बंद करायचा नाही, हे त्याने आधीच बजावलं. आधी तीच शोधली. होज रीलचं, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीचं, तोंड थोडं उघडलं तसा कोपऱ्यातला छोटा पंप आपोआप सुरू झाला. दाब उतरला की तो स्वतःच सुरू होतो, म्हणजे त्याचा पाइप तो आगीचा. मग मुकेशने पिण्याच्या टाकीवरचा पंप बंद केला. वर बेसिनचा नळ हळूहळू बारीक होऊन थांबला. तपासायला सोडून ठेवलेला आमचा शेडमधला नळ मात्र वाहत राहिला. पिण्याचा पंप पुन्हा चालू करून त्याने फ्लशचा बंद केला. थोड्या वेळाने वरून निरोप आला की संडासाची टाकी भरत नाही. आणि शेडमधला नळ आचका देऊन थांबला.

संडासाचं पाणी मी त्या आजीच्या हातात दिलं होतं. बाळ्याभाऊ पंपाच्या चौथऱ्यावर बसला. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिलीत, चूक झाकण्यासाठी दुसऱ्याचा बळी देणारी. हा माणूस आपली नोकरी हातात घेऊन जिना चढून आला होता, एका अनोळखी म्हातारीसाठी. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याचे हात धरले. हिरीने दुसऱ्या बाजूने धरले. मला रडायला आलं आणि मी ते लपवलं नाही.

मुकेशने तो फाटा, नळ, मधला सगळा तुकडा काढून टाकला, फ्लशचं तोंड पक्कं बंद केलं. खऱ्या पाइपावरून नवा फाटा घेतला, तो क्लोरीनने धुतला आणि पाण्याचा नमुना तपासून येईपर्यंत नळाचं फडकं सुटू दिलं नाही.

साहेबांकडे मी गेले. जे झालं ते सांगितलं, आणि रंग पुढे ढकलला कोणी तेही सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. बाळ्याभाऊने वॉल्वला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ते त्याने स्वतःच मागितलं होतं. कमरेला बांधलेली पंपरूमची किल्ली त्याने मुकेशच्या हातात दिली. घरी मात्र बसवायचं नाही, बागेचं काम द्यायचं, हे मी भांडून मिळवलं. पण त्याआधी आठवडाभर त्याने मुकेशबरोबर पाइप रंगवले. मुकेश एकेक लाइन तपासून नक्की करायचा आणि डबा पुढे करायचा, हिरवा, काळा, जांभळा, लाल. बाळ्याभाऊ ब्रश मारायचा. त्याच्या हातातली सफाई कुठे गेली नव्हती. मग नावं. भिंतीतून पाइप शिरतो तिथे दोन्ही बाजूंना, प्रत्येक वॉल्वपाशी, प्रत्येक वळणावर. मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि पाणी जिकडे वाहतं तिकडे बाण. जांभळ्यावर जास्तीचं लिहिलं, 'पिण्यासाठी नाही'. बाळ्याभाऊ चौथीपर्यंत शिकलेला. तो प्रत्येक नाव चिकटवण्याआधी मोठ्याने वाचायचा आणि मगच चिकटवायचा.

दोन हजार अठराच्या खंडेनवमीला हिरी त्याला हाताला धरून पूजेला घेऊन आली. तोवर विसरणं वाढून त्याने मुदतीआधीच काम सोडलं होतं. बरीच माणसं तो विसरला होता. मुकेशला त्याने कुणीतरी पाहुणा समजून नमस्कार केला. पण पाइपांपाशी गेल्यावर त्याने हिरव्यावरचं नाव वाचलं, बाणावरून बोट फिरवलं आणि हिरीला सांगितलं की हे प्यायचं, त्या जांभळ्याचं नको. हिरी म्हणाली, बरं.

मग तो माझ्याकडे वळला आणि अडला. चेहरा ओळखीचा आहे, नाव सापडत नाही, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याला लाज वाटत होती. मी पुढे झाले आणि साडीवर लावलेली माझ्या नावाची पाटी त्याच्यासमोर धरली. त्याने अक्षराला अक्षर लावत वाचलं.

"संगिता सावे," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "ताई."

पाटीवर ताई लिहिलेलं नाही. ते त्याचं त्याने जोडलं.