अंगावरून वय

भतेरीकाकींना नातवाचं वय विचारा, जन्माष्टमीच्या रात्री तो झाला म्हणून थाळी किती वेळ बडवली तेसुद्धा सांगतील. नातीचं विचारलं, तर आधी तिच्या अंगाकडे बघतात आणि मग ठरवतात.

त्या दिवशी मी त्यांच्या अंगणात उंची मोजायची फळी भिंतीला टेकवून उभी केली. हरियाणात जिंदकडची ही आमची गावं. अंगणवाडीत इतकी वर्षं काढल्यावर कुठल्या घरात दूध कोणाच्या पेल्यात जातं, ते मला फळीशिवायही कळतं. पण माझ्या कळण्याला वर कोणी विचारत नाही. उंची आणि वय दोन्ही भरलं, तरच मूल खुजं राहिल्याचं दिसतं.

लविश अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर भरला. साडेतीन वर्षांचा, अगदी व्यवस्थित. त्याची थोरली बहीण रीतू शहाण्णव.

"हिचं वय?" मी विचारलं. रीतूचा जन्म आजोळचा. कागद तिकडेच राहिला आणि पुन्हा कोणी आणायला गेलं नाही.

"चार लिही," काकी म्हणाल्या.

"काकी, लविश साडेतीनचा. सहा महिन्यांत तुमच्या सुनेनं दोन पिकं काढली की काय?"

काकी हसल्या. त्या तशा वाईट नाहीत. "मग सव्वाचार लिही. पोर अंगानं एवढीशी, तिचं वय जास्त कुठून येणार?"

हेच तर दुखणं आहे. पोर कमी खाऊन खुजी राहते, खुजी म्हणून लहान वाटते, आणि लहान म्हणून लिहिली की तिची उंची बरोबर ठरते. सव्वाचार धरलं तर रीतू काठावर पास होत होती. असं घराघरात झालं की साऱ्या गावाच्या मुली कागदावर धडधाकट.

चुलीशी तिची आई कमलेश घूंघट ओढून बसली होती, मांडीवर सहा महिन्यांची धाकटी. सासूसमोर ती कधी बोलत नाही. आज बोलली, तेही माझ्याकडे तोंड करून.

"वहिनी, रीतू गव्हाच्या कापणीची आहे. आईकडे पेंढ्या बांधताना मला कळा आल्या. या बैसाखीला पाच पुरी होतील."

मी मोबाइलमध्ये पावणेपाच भरलं आणि रीतूच्या नावापुढे लाल खूण उमटली.

"पोरी लहानखुऱ्याच असायच्या," काकी पुटपुटल्या.

"मुलींचा तक्ता वेगळाच असतो, काकी. तो लहानखुरेपणा त्यात आधीच धरलेला असतो. त्याच्याही खाली आहे ही."

कमलेश आता थांबली नाही. "सातव्या महिन्यात हिला माझ्या अंगावरून तोडली. दूध पाजत राहिले तर पुढचं मूल लांबतं म्हणून. मग ताकात भाकरी कुस्करून घातली. लविशला मात्र अडीच वर्षं पाजलं, वर तुपाचा चुरमा. वहिनी, आता खाऊ घातलं तर भरून येईल?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "खाऊ घाल. थोडं येईल," मी म्हणाले. "पण पहिल्या दोन वर्षांत जे गेलं, ते बहुतेक परत येत नाही."

ती रडली नाही. मांडीवरच्या पोरीकडे बघत म्हणाली, "हिलाही होळीपासून तोडायचं ठरलंय."

मी काकींकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडची म्हण ऐकवली, पण रोजचा जोर त्यात नव्हता. "एक डोळा तो काय डोळा, एक मुलगा तो काय मुलगा."

कमलेशनं पदर सारला आणि भर अंगणात, सासूच्या समोर, धाकटीला पाजायला घेतलं. "हिला मी दोन वर्षं पाजणार, मां," ती म्हणाली. सासूशी ती माझ्यादेखत पहिल्यांदाच बोलत होती.

काकींनी फळीकडे पाहिलं. भतेरी म्हणजे मुली पुष्कळ झाल्या. चौथी मुलगी झाल्यावर बापानं ठेवलेलं नाव. त्यांचा भाऊ सहा फुटी आहे आणि त्या स्वतः माझ्या खांद्याला लागतात. त्या उठल्या, लविशसाठी ओतलेला दुधाचा पेला उचलला आणि रीतूच्या हातात दिला.

"पी," म्हणाल्या.

रीतूनं पेला दोन्ही हातांत धरला. वर आलेली साय बोटानं अलगद बाजूला केली, थेंबही सांडू दिला नाही. मग सवयीप्रमाणे तो नेऊन भावाच्या तोंडाला लावला.