जर्मनीत न दिसणारा झिम्मा

बुधवारी सकाळी मी पोहे भिजवत होते, तेव्हा दीप्तीचा फोन आला. दीप्ती म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शुभाची, सून. आमच्या मंगळागौरीच्या गटाचं यूट्यूब चॅनल तीच बघते.

"काकू, घाबरू नका, पण वाट लागलीये," ती म्हणाली.

"घाबरू नका म्हणून वर वाट लागली सांगतेस? बोल."

"अनुपमाताईंचा मेसेज आलाय. त्यांना आपला व्हिडिओ दिसत नाहीये. हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही, असं येतंय."

अनुपमाताई जर्मनीत राहतात, तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहेत. श्रावणात तिथे मंगळागौरीचा मोठा कार्यक्रम असतो आणि यंदा भारतातून एक गट बोलवायचा होता. शेवटी दोन गट उरले, एक पुण्याचा आणि एक आमचा, मुलुंडच्या सहाजणींचा. सगळ्या साठीच्या पुढच्या. व्हिसाला वेळ लागतो म्हणून कमिटी रविवारी बसून व्हिडिओ बघणार आणि नाव पक्कं करणार होती. आमच्यातल्या पार्वतीनं तर पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. तिचा नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तिनं चाळीस वर्षं डबे करून घर चालवलं. तिला विमानात बसायचं होतं. एवढंच.

मी पोहे तसेच ठेवले आणि शुभाच्या घरी गेले. पार्वती आधीच येऊन बसली होती. दीप्तीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"हे बघा. कॉपीराइट क्लेम. एका म्युझिक कंपनीनं दावा केलाय की व्हिडिओतलं ध्वनिमुद्रण त्यांच्या मालकीचं आहे. माणसानं नाही, यंत्रानं शोधलंय. यांच्याकडच्या सगळ्या गाण्यांचा ठसा यूट्यूबकडे असतो, व्हिडिओत तोच आवाज सापडला की आपोआप दावा लागतो."

"कुठल्या गाण्यावर?"

"झिम्म्याच्या."

मला हसू आलं. "अगं, ते तर मी गायलंय."

खरंच मीच गायले होते. एक्क्याण्णव साली. तेव्हा घराघरात टेपरेकॉर्डर होते आणि देवांच्या, सणांच्या कॅसेट भराभर निघत होत्या. अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत मला नेलं होतं. पायात चप्पल नको, बांगड्या वाजतात म्हणून त्याही काढायला लावल्या. काचेपलीकडून एक माणूस हात वर करायचा आणि मी गायचे. गाणं माझ्या आईचं. ती कुडाळकडची, झिम्मा खेळताना स्वतःच शब्द जोडायची. दिवसभर गायले, संध्याकाळी त्यांनी पाकीट आणि दहा कॅसेट दिल्या. तेव्हापासून आमचा गट त्याच कॅसेटवर खेळतो. खेळताना दम लागतो, गाणार कोण? प्रत्येकीच्या पायाला त्या कॅसेटचा ठेका बसलाय. दीप्तीनं व्हिडिओला लावलं तेही तेच, कॅसेटवरून उतरवून.

"मग त्यांना कळव ना, की गाणारी बाई ही इथे बसलीये," शुभा म्हणाली.

"आई, गाणारी वेगळी आणि ध्वनिमुद्रणाचा मालक वेगळा. काकू, काही सही केली होतीत?"

केली होती.

"पण इथे तर दिसतोय व्हिडिओ," पार्वती म्हणाली. तिनं स्वतःच्या फोनवर लावलाच होता. "ह्या काय, माजा पोरगा चेंबूरात बसान बघता. जर्मनीतच कसो बंद?"

"कंपनी देशाप्रमाणे ठरवते, पार्वतीकाकू. भारतात त्यांनी चालू ठेवलाय, फक्त जाहिरातींची कमाई आता आपल्याला नाही, त्यांना जाणार. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इथे बंद. तिथले हक्क त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेले असतील, नाहीतर काही वेगळं कारण असेल. ते आपल्याला सांगत नाहीत."

"म्हणजे चॅनल बंद होणार?" मी विचारलं. त्या चॅनलच्या पैशातून आमच्या सरावाच्या हॉलचं भाडं निघत होतं.

"नाही. हा क्लेम आहे, स्ट्राइक नाही. चॅनलला काही होत नाही. बाकीचे व्हिडिओ तसेच. हा एकच अडकला, आणि नेमका ज्या देशात हवा तिथेच."

शुभाला एकदम सुचलं. "व्हॉट्सअॅपवर पाठवून दे अनुपमाला. यूट्यूब कशाला पायजे?"

दीप्तीनं मान हलवली. "मी तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, बघून घेऊ, पण अडचण वेगळी आहे. ते लोक कार्यक्रम लाइव्ह दाखवतात, भारतातल्या आईवडिलांसाठी. तिथे स्टेजवर आपण ही कॅसेट वाजवली, तर त्यांचं लाइव्ह मध्येच अडकेल. कमिटीतले दोघं म्हणतायत, हक्काची भानगड असलेला गट नकोच. पुण्याचा घ्या."

पार्वतीनं फोन पालथा ठेवला.

"आपण हरकत घेऊ शकतो," दीप्ती म्हणाली. "बटण आहे. पण कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. आणि आपण खोटं कारण दिलं, त्यांनी ते फेटाळलं, आपण पुढे अपील केलं, तर ते व्हिडिओच काढायला लावू शकतात. तेव्हा मात्र स्ट्राइक लागतो, आणि असे तीन लागले की चॅनलच जातं."

"खोटं कसलं? आवाज माझा आहे."

"काकू, कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद होता. मी काहीही टाकत नाही, सून त्यावरून रोज बोलते. दुपारी दिवाणाखालची ट्रंक उपसली. मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या खाली, ह्यांच्या मिलच्या पासाजवळ, एका प्लास्टिकच्या पिशवीत तो पिवळा पडलेला करार सापडला. तेव्हा वाचला नव्हता, सही कुठे करायची एवढंच विचारलं होतं. आता चष्मा लावून दोनदा वाचला. 'सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क, कायमस्वरूपी.' खाली माझी सही, वळणदार, तिशीतल्या बाईची.

संध्याकाळी दीप्तीनं तो शब्द न् शब्द वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हरकत घ्यायची नाही," ती म्हणाली. "ध्वनिमुद्रण त्यांचंच आहे. कंपनी बदलली असेल, पण हक्क विकत घेऊन त्यांच्याकडे आले असणार. पण यात फक्त ध्वनिमुद्रण लिहिलंय. गाण्याचे शब्द, चाल, याबद्दल एक ओळ नाही."

"ती माझ्या आईची."

"मग गाणं आपलं आहे. नवीन गा."

शुभा म्हणाली, "त्याच व्हिडिओत आवाज बदलून टाक की. एवढ्या दोन लाख लोकांनी बघितलाय तो."

"तसं नाही होत, आई. तिथे गाणं काढून टाकता येतं, नाहीतर त्यांच्याकडच्या फुकटच्या संगीतातलं काहीतरी लावता येतं. आपलं नवीन गाणं घालायचं तर नवीन व्हिडिओ. नवीन लिंक, शून्यापासून."

"शून्य तर शून्य," पार्वती म्हणाली. "कमिटीत सातच माणसा आसत ना?"

शुक्रवारी सकाळी सोसायटीचा हॉल मिळाला. मी बुधवार रात्रीपासून मीठ-पाण्याच्या गुळण्या करत होते. वय वर्षं सहासष्ट. आईची चाल मध्येच वर चढते, आणि ती वरची जागा मला घरी म्हणून बघताना एकदाही लागली नव्हती. कॅसेटवर ती अशी सहज लागलीये की ऐकताना मला त्या बाईचा राग यायला लागला.

मी खुर्चीवर बसले, बाकी पाचजणी रिंगणात. दीप्तीनं मोबाइल स्टँडवर लावला. पहिल्या वेळी मी सुरुवात केली आणि पाचजणी कॅसेटच्या वेगानं सुटल्या, मी मागे राहिले. टाळ्या एकीकडे, गाणं एकीकडे.

"काय गो, झोपलंस?" पार्वती ओरडली.

"तू पळतेस. माझ्याकडे बघ, पायांकडे नको."

दुसऱ्या वेळी मी दोन सूर खाली धरलं. जमत होतं. वरची जागा आली, आवाज चिरकला, पण पाचजणींनी धृपद उचललं आणि ते झाकलं गेलं. शेवटच्या टाळीपर्यंत गेलो. शुभा तर घामानं निथळत बसूनच राहिली. तेवढ्यात दीप्तीनं कान फोनला लावला आणि म्हणाली, "परत."

"का गं?"

"खाली कोणाचा तरी वाढदिवस आहे. स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागलंय, मागे स्पष्ट ऐकू येतंय. त्याच्यावर परत क्लेम येईल."

शुभा खाली जाऊन त्यांना पंधरा मिनिटं स्पीकर बंद करायला सांगून आली. खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. तिसऱ्यांदा गाताना माझं लक्ष खालच्या स्पीकरकडेच होतं. आता लागेल, आता लागेल. वरच्या जागेला आवाज पुन्हा फाटला आणि या वेळी कोणी झाकला नाही, कारण सगळ्यांना धाप लागली होती. पण मी थांबले नाही. चौथ्यांदा खेळायला कोणाच्यात जीव नव्हता.

दीप्तीनं तिथेच व्हिडिओ चढवला. प्रसिद्ध करायच्या आधी एक तपासणी होते. स्क्रीनवर ती फिरत राहिली. आम्ही सहाजणी एका लॅपटॉपभोवती, कोणाचा पदर कोणाच्या खांद्यावर. मला वाटलं, यंत्राला माझा आवाज ओळखू येईल. पस्तीस वर्षांनी का होईना, हीच ती, असं म्हणेल.

"काहीही सापडलं नाही," दीप्तीनं वाचलं.

सगळ्या हसल्या. मला थोडं वाईट वाटलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

"म्हणजे सुटलो?" शुभानं विचारलं.

"सध्या. दावा नंतरही येऊ शकतो. पण आता त्यांच्याकडचा आवाज आपल्या व्हिडिओत कुठेही नाही."

"आणि जुना व्हिडिओ? काढायचा?"

"ठेव," मी म्हटलं. "पैसे त्यांना जाऊ देत. लोक ऐकतायत ना."

लिंक पाठवली. अनुपमाताईंचं उत्तर पंधरा मिनिटांनी आलं, 'इथे दिसतोय.' बाकी काही नाही. छान नाही, बरा नाही, काही नाही.

शनिवार कसा गेला आठवत नाही. तो फाटलेला सूर मी फोनवर पन्नासदा ऐकला असेल. पुण्याच्या गटाचा व्हिडिओही बघितला. तिशीतल्या मुली, एकाच रंगाच्या नऊवारी, मागे संगीताचा थाट. आम्ही कशाला उगीच, असं वाटलं. पार्वतीचा पासपोर्ट डोळ्यासमोरून हलेना.

रविवारी दुपारी चार वाजता फोन वाजला. शुभाच्या घरी आम्ही सगळ्या होतो. दीप्तीनं स्पीकरवर टाकला.

"शांताकाकू आहेत का?" अनुपमाताई म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. व्हॉट्सअॅपवरचा जुना आणि हा नवा, दोन्ही व्हिडिओंत गाणारी एकच आहे, असं दीप्तीनं लिहिलंय. खरं का?"

"हो. मीच."

"आमच्यात वाद झाला. तिघं म्हणाले, दुसऱ्यात दम लागतो, आवाज फाटतो. स्टेजवर पाऊण तास कसं होईल? तुम्ही सांगा. होईल का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणायला जीभ आसुसली होती.

"पाऊण तास सलग नाही होणार," मी म्हटलं. "झिम्मा झाला की दहा मिनिटं बसावं लागेल. त्या वेळात मी आईच्या गाण्यांबद्दल बोलेन. मग फुगडी. तसं चालत असेल तर होईल. आणि कॅसेट लावणार नाही, आवाज हाच मिळेल."

पलीकडे कोणीतरी काहीतरी बोललं, दार वाजल्यासारखं झालं. पार्वतीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"चालेल," अनुपमाताई म्हणाल्या. "चार विरुद्ध तीन होतं, आता पाच विरुद्ध दोन झालं. पासपोर्टच्या प्रती उद्या पाठवा."

पार्वतीनं हात सोडला आणि पिशवीची चेन उघडली.

"उद्या कशाक?" ती म्हणाली. "आताच घे, दीप्ती."