शर्टाच्या कडेची बोटं

"एकाच बोंबलाला कितीदा टांगलंस रं?" चंद्रकांतामावशी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. "हा शेपूट मोडलेला बघ. हितं हाय, तितं हाय, परत तितं हाय. आन माज्या घरवाल्याच्या बाजूला धुकं कसलं सोडलंस?"

बोईसरचं ते फ्लेक्सचं दुकान. मालक प्रणवने एआयवर एकच क्लिक करून उभा फोटो दोन्ही बाजूंनी वाढवून आडवा करून टाकला होता. फोटोत मावशीचे घरवाले, मुरबे गावचे दामू, मागे वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, वाळत घातलेले बोंबील. मोबाइलवर काढलेला तो एकच धड फोटो. ते समुद्रातून परत आले नाहीत, त्यालाही बरीच वर्षं झाली. उद्या सकाळच्या भरतीला त्यांच्या नावाची नवी होडी पाण्यात उतरणार होती आणि बॅनर होडीवर लागायचा होता.

"लांबून कोण बघतंय, मावशी," प्रणव म्हणाला.

"आख्खा मुरबे गाव जवळून बघंल. बोंबील वाळवूनच पोट भरतात ना ते? असला बॅनर मी नाय नेणार." ती खुर्ची ओढून बसलीच.

प्रणवने शेजारी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या रूपालीकडे पाहिलं. "ताई, चारला मशीन लावायचं. नंतर कंपनीची ऑर्डर आहे, थांबता येणार नाही."

रूपाली कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. लेकीला, राजनंदिनीला, शेजारच्या सोजराबाईंकडे ठेवून ती यायची आणि दिवसभर एक डोळा फोनवर असायचा. आता तिने फोन उलटा ठेवला.

प्रणवचे दोन्ही मोठे तुकडे तिने काढून टाकले. एवढा भाग एका दमात मागितला की हे यंत्र चित्र लहान काढतं आणि ताणून बसवतं. धुकं तिथूनच येतं. ती छोटे छोटे तुकडे मागू लागली, प्रत्येकात मूळ फोटोची थोडी कड धरून. सांधा सरळ रेषेत ठेवला नाही. दोरीच्या, माशाच्या पोटाच्या कडेने वाकडातिकडा नेला. तरी यंत्राने बोंबील टांगले ते दोरीवरच्या मोज्यांसारखे, एकेकटे. मूळ फोटो मोठा करून बघितला तर जोड्या होत्या, जबड्यात जबडा अडकवलेल्या. मग त्या खऱ्या जोड्याच तिने वेगवेगळ्या जागांहून उचलून आणल्या. आरशातल्यासारख्या उलट्या करून मात्र बसवल्या नाहीत, नाहीतर सावल्या उन्हाच्या दिशेला पडल्या असत्या. नवा भाग फारच गुळगुळीत दिसत होता. त्यावर जुन्या फोटोत दिसतात तसे बारीक रवाळ ठिपके चढवले.

उरला दामूंच्या शर्टाचा उजवा काठ. तिथला सांधा काही केल्या फिका पडेना. तिने जरा जास्त भाग निवडून पुन्हा रंगवून घेतला. झालं, स्वच्छ.

सवयीने तिने खालच्या थरातला मूळ फोटो स्क्रीनवर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. शर्टाच्या टोकाशी काहीतरी लुकलुकलं. तिने मोठं केलं. चार बारीक बोटं, शर्ट मुठीत घट्ट धरलेला. मागे हात नाही, मूल नाही; फोटो तिथेच संपत होता. आणि तिने ती आत्ताच पुसली होती.

दुकानात यायला निघताना रोज राजनंदिनी तिची ओढणी अशीच धरायची.

"बरं झालं गेली ते," मागून प्रणव पुटपुटला. "बाजूला फोटो वाढवला की हात हवेत लटकेल. नाहीतर एआयला सांग, एक पोर काढून देईल."

"कुणाचं पोर, दादा?"

मावशी उठून जवळ आली होती. स्क्रीनवरच्या त्या बोटांवर तिने आपलं बोट ठेवलं.

"सलोनी ती," ती म्हणाली. "फोटोत यायचं नव्हतं, आन बापालाबी सोडायचं नव्हतं. उद्या नारळ तीच फोडणार हाय." मग रूपालीकडे वळून, "राहतील का गं?"

साडेतीन वाजत आले होते. रूपालीने उजवीकडचं सगळं काम उडवलं. त्या बाजूला फोटो वाढवायचाच नाही. दामू बॅनरच्या उजव्या टोकाशी, बोटं जिथे होती तिथे, आणि बोंबील सगळे डावीकडे.

"दुप्पट वाढवावं लागेल. पुन्हा तेच ते दिसेल," प्रणव म्हणाला.

"दिसू नाही देणार."

फोन थरथरला. तिने उचलला, सोजराबाईंचं एवढंच ऐकलं, "झोपलीय गं," आणि ठेवला. एक एक तुकडा, एक एक जोडी. दर थोड्या वेळाने चित्र नखाएवढं करून ती बघायची. मोठं असताना न दिसणारी पुनरावृत्ती लहान केल्यावर पट्ट्यांसारखी उठते. दोनदा उठली. दोनदा मोडली.

चारला मशीन लागलं आणि फ्लेक्स सरकत बाहेर आला. मशीन चालवणाऱ्या दर्पणने तो पसरला आणि दोरी ओवायच्या धातूच्या रिंगा ठोकण्याआधी कड दुमडायला घेतली, नेहमीसारखी, अंगठाभर.

"थांब," रूपाली म्हणाली. दुमड थेट बोटांवर जात होती. मार्जिन सोडायचं ती विसरली होती.

"दुमडल्याशिवाय रिंगेपाशी फाटेल, ताई. समुद्रावर वारा केवढा."

"या बाजूला दुमडू नको. मागून थोडी बाहेर काढून पट्टी चिकटव, रिंगा त्या पट्टीत ठोक."

प्रणवने घड्याळ पाहिलं, कंपनीच्या ऑर्डरचा रोल पाहिला आणि स्वतःच पट्टी कापायला बसला.

मावशीने फ्लेक्सवर वाकून डावीकडून उजवीकडे एकेक दोरी तपासली. धुकं शोधलं, शेपूट मोडलेला शोधला. तो एकदाच सापडला, जिथे तो मुळात होता तिथे. मग ती त्या बोटांपाशी येऊन थांबली.

"गुंडाळा," ती म्हणाली. "पण ही बाजू वर ठेवा."